धानगिरणीच्या भागीदारीची वार्षिक पत्रके : दोन नव्या भागीदारांना समजावून सांगताना

मंडळी, ब्रह्मपुरी, नागभीड, वडसा हा सारा मुलूख धानाचा. दिवाळीनंतर बांध्या रिकाम्या होऊ लागल्या की चुंगड्या आणि पोती भरून धान गिरणीच्या दारात येते. तांदूळ, कनकी आणि कोंडा वेगळे होऊन बाजाराच्या वाटेला लागतात. गिरणी एकट्याच्या पैशावर चालतेच असे नाही. चारजण मिळून भांडवल घालतात आणि अलीकडे अशी मंडळी ‘मर्यादित दायित्व भागीदारी’ या नावाची नोंदणी करून घेतात. बाजारात तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘एलएलपी’ म्हणतात. तिच्या नावावर सरकारात दरवर्षी तीन कागद जातात. हे तीन कागद कोणते, ते कसे भरावेत आणि ज्याने सही केलेली नाही त्यानेही ते का वाचावेत, हा आजचा विषय आहे.

बोलणे हवेत राहू नये म्हणून एक उदाहरण धरू. ते कल्पनेतले आहे, पण त्यातले नियम खरे आहेत. ब्रह्मपुरीजवळ दोन भागीदारांची एक धानगिरणी आहे. दोघांनी मिळून ६ लाख रुपये भांडवल घातले आहे. १ ऑक्टोबर २०२४ रोजी त्यांनी आणखी दोघांना आत घेतले. एक निवृत्त गुरुजी आणि दुसऱ्या एक शेतकरी ताई. दोघांनी प्रत्येकी १ लाख रुपये दिले, तेव्हा एकूण भांडवल ८ लाखांचे झाले. ३१ मार्च २०२५ ला संपलेल्या वर्षात गिरणीची विक्री ९० लाख रुपयांची झाली. आता गुरुजी आणि ताई विचारतात, “आम्ही पैसे दिले, कारभार जुने दोघे पाहतात. मग या कागदांशी आमचा काय संबंध?”

या प्रश्नाचे उत्तर भागीदारीच्या जातीतच आहे. १९३२ च्या कायद्याखालची जुनी भागीदारी आपल्या परिचयाची आहे. तिच्यात धंदा बुडाला तर देणेकरी भागीदाराच्या घरापर्यंत आणि शेतापर्यंत येऊ शकतो. मात्र त्या भागीदारीला आपला जमाखर्च वर्षाच्या वर्षाला जगापुढे मांडावा लागत नाही. नव्या जातीच्या भागीदारीची शिफारस ज्या समित्यांनी केली, त्यांत २००५ सालची डॉ. जमशेद इराणी यांची समिती होती. टाटा स्टीलचे हे इराणी जन्माने नागपूरचे आणि तिथल्याच विज्ञान महाविद्यालयात शिकलेले. पुढे २००८ चा कायदा झाला आणि २००९ साली तो अंमलात आला. या कायद्याने भागीदाराला सांगितले की धंद्याच्या देण्यापायी तुमचे नुकसान तुम्ही कबूल केलेल्या भांडवलापुरतेच राहील. पण ही सवलत फुकट दिलेली नाही. तुमच्याशी उधारीचा व्यवहार करणाऱ्याला तुमच्या घरावर हात टाकता येणार नसेल, तर तुमची परिस्थिती काय आहे हे आधी पाहण्याची सोय त्याला असली पाहिजे. म्हणून भागीदारीचे वार्षिक विवरण आणि हिशेबपत्रक निबंधकाकडे जाते, आणि ठराविक फी भरून कोणालाही ते पाहता येते. धान उधार देणारा शेतकरी पाहू शकतो, नागपूरचा व्यापारी पाहू शकतो, बँकही पाहू शकते.

तर तीन कागद असे. पहिला ‘फॉर्म ११’. तो विचारतो, तुम्ही कोण आहात? दुसरा ‘फॉर्म ८’. तो विचारतो, तुमच्यापाशी काय आहे, देणे किती आहे आणि ते तुम्ही भागवू शकाल का? तिसरे आयकराचे विवरणपत्र, त्याचे नाव ‘आयटीआर-५’. ते विचारते, तुम्ही किती मिळवले आणि त्यावर कर किती? पहिले दोन www.mca.gov.in या सरकारी संकेतस्थळावर भरायचे आणि तिसरे www.incometax.gov.in वर. पहिले दोन कागद लोकांना खुले असतात, तिसरा आयकर खात्यापुरता राहतो. तिन्ही कागद एकाच वहीतून निघाले पाहिजेत, ही गोष्ट शेवटपर्यंत ध्यानात असू द्या.

पहिल्या कागदापासून सुरुवात करू. वर्ष ३१ मार्चला संपले की साठ दिवसांच्या आत, म्हणजे ३० मेपर्यंत, फॉर्म ११ भरायचा असतो. त्यात नफातोट्याचा हिशेब नसतो. भागीदार किती, त्यांची नावे काय, प्रत्येकाने किती भांडवल द्यायचे कबूल केले आणि प्रत्यक्षात किती दिले, वर्षात भागीदारीला काही दंड झाला का, अशी माहिती असते. उलाढालीबद्दल एवढेच विचारतात की ती ५ कोटींच्या आत आहे की वर. नेमकी इथेच पुष्कळांची चूक होते. हिशेब तपासून व्हायचा आहे, मग पत्रक कसे भरणार, असे म्हणून ते मे महिना दवडतात. या पत्रकाला तपासलेल्या हिशेबाची गरजच नाही. वर्ष संपल्यावर एप्रिलमध्येच ते भरायला घेता येते.

गुरुजी आणि ताई यांच्या दृष्टीने या कागदात पाहण्याजोगी गोष्ट म्हणजे स्वतःचे नाव. नवा भागीदार आत आला की तीस दिवसांच्या आत निबंधकाला दोन पत्रके पाठवावी लागतात. फॉर्म ४ मध्ये भागीदार बदलल्याची खबर असते आणि फॉर्म ३ मध्ये भागीदारीचा करार बदलल्याची. १ ऑक्टोबरला प्रवेश झाला, तर ऑक्टोबर सरण्याच्या आत हे काम व्हायला हवे. ते राहून गेले असेल, तर मे महिन्यात फॉर्म ११ भरताना सरकारी दप्तरात दोनच नावे निघतात आणि वहीत मात्र चार असतात. मग आधी जुनी पत्रके विलंबाची फी देऊन भरायची आणि नंतर पुढचे. म्हणून पैसे दिल्याची पावती मिळाली एवढ्यावर समाधान मानू नका. फॉर्म ४ आणि फॉर्म ३ मंजूर झाल्याचा कागद मागून घ्या.

दुसरी पाहण्याजोगी गोष्ट म्हणजे कबूल केलेले आणि दिलेले भांडवल. समजा, ताईंनी १ लाख कबूल करून ६० हजारच दिले असते, तर पत्रकात दोन्ही आकडे वेगवेगळे दाखवावे लागले असते. उरलेले ४० हजार रुपये त्यांच्या अंगावर देणे म्हणून उभे राहिले असते. दायित्व मर्यादित आहे खरे, पण ती मर्यादा दिलेल्या रकमेची नसते, कबूल केलेल्या रकमेची असते.

फॉर्म ११ वर सही करतो तो नेमलेला भागीदार. अशा प्रत्येक भागीदारीत कायदेशीर कामाला जबाबदार म्हणून निदान दोन भागीदार नेमावे लागतात आणि त्यांतला एक तरी भारतात राहणारा असावा लागतो. आपल्या उदाहरणात जुने दोघेच नेमलेले आहेत. सही शाईची नसते. संगणकावर चालणारी डिजिटल सही असते, आणि तिची मुदत संपते. ३० मेच्या आदल्या रात्री सहीची मुदत संपल्याचे कळणे हा नित्याचा प्रकार आहे. तेव्हा एप्रिलमध्येच ती तपासावी.

आता दुसरा कागद. फॉर्म ८ ची मुदत ३० ऑक्टोबर. मधल्या काळात हिशेब तपासून घ्यायचा असतो. उलाढाल ४० लाखांच्या वर गेली किंवा भांडवल २५ लाखांच्या वर गेले, तर भागीदारीच्या कायद्याप्रमाणे सनदी लेखापालाकडून हिशेब तपासून घेणे सक्तीचे होते. आपल्या गिरणीचे भांडवल ८ लाखच आहे, पण विक्री ९० लाखांची आहे. दोन्हींपैकी एक ओलांडले तरी पुरे, म्हणून तपासणी आलीच.

फॉर्म ८ चे दोन भाग आहेत. एका भागात मालमत्ता, देणी, उत्पन्न आणि खर्च येतात. दुसऱ्या भागात नेमलेल्या भागीदारांचे निवेदन असते. आम्ही भागीदारीच्या कारभाराची पुरी चौकशी केली आहे आणि आमच्या मते ही भागीदारी आपली देणी नेहमीच्या व्यवहारात, वेळच्या वेळी, पूर्णपणे फेडू शकेल किंवा शकणार नाही, असा त्याचा भावार्थ आहे. याला शोधनक्षमता म्हणतात. साध्या बोलीत देणी भागवण्याची ऐपत म्हणा. सगळ्या वर्षाच्या कागदांत सर्वांत जड वाक्य हेच आहे, आणि दुर्दैवाने सर्वांत कमी वाचले जाणारेही हेच.

ते कसे ठरवायचे हे आपल्या गिरणीवरून पाहू. ३१ मार्च २०२५ ला गिरणीत धान आणि तांदूळ मिळून ११ लाखांचा साठा आहे. व्यापाऱ्यांकडून ७ लाख यायचे आहेत. बँकेत आणि गल्ल्यात १ लाख आहे. यंत्रे आणि शेड ११ लाखांची. एकूण मालमत्ता ३० लाख. देण्याच्या बाजूला बँकेचे कर्ज १२ लाख, धान देणाऱ्यांचे ५ लाख आणि वीजबिल वगैरे १ लाख, असे १८ लाख. उरलेले १२ लाख भागीदारांचे, त्यांत ८ लाख भांडवल आणि ४ लाख मागचा साठलेला नफा. वरवर पाहता ३० लाख आहेत आणि देणे १८ लाख आहे, तेव्हा काळजी कसली?

पण यंत्रे विकून कोणी वीजबिल भरत नाही. म्हणून हिशेब दुसऱ्या अंगाने करावा लागतो. वर्षभरात द्यायचे किती? बँकेच्या १२ लाखांपैकी ६ लाख यंदाचे आणि बाकीचे पुढच्या वर्षांचे, असे धरू. त्यांत धानवाल्यांचे ५ आणि इतर १ मिळवले की १२ लाख होतात. आता हाती येणारे किती? साठ्याचे ११, रोख १ आणि उधारीचे ७. या ७ लाखांपैकी ३ लाख एका व्यापाऱ्याकडे वर्षाहून अधिक काळ अडकले आहेत. ते धरायचे नाहीत. राहिले ४. एकूण १६ लाख. १२ द्यायचे आणि १६ येणारे, तेव्हा ऐपत आहे असे निवेदन प्रामाणिकपणे करता येईल.

आता कोठारात ओल शिरली, तांदळाला कीड लागली आणि साठ्याची किंमत ११ ऐवजी ६ लाखच उरली असे समजा. हाती येणारे १६ चे ११ झाले, आणि देणे १२ लाखच राहिले. कागदावर अजूनही मालमत्ता देण्यापेक्षा जास्त आहे, पण वेळच्या वेळी देणी भागणार नाहीत. अशा वेळी बँकेकडून हप्ते पुढे ढकलून घ्यावेत किंवा भागीदारांनी आणखी भांडवल घालावे, आणि मग निवेदन करावे. साठा न मोजता मागच्या वर्षाच्या पत्रकाची नक्कल करून सही ठोकणे धोक्याचे आहे. जाणूनबुजून खोटे निवेदन केले तर या कायद्यात दोन वर्षांपर्यंत कैद आणि १ लाख ते ५ लाखांपर्यंत दंड आहे.

गुरुजी आणि ताई या निवेदनावर सही करणार नाहीत. पण वह्या पाहण्याचा हक्क प्रत्येक भागीदाराला असतो. मार्चअखेर साठा मोजताना त्यांनी तिथे उभे राहावे, आणि कोणाकडून किती येणे आहे व ते किती दिवसांचे आहे याची यादी मागावी. एवढ्या दोन गोष्टींनी निवेदन खरे की खोटे हे शेतकऱ्यालाही कळते. त्याला लेखापाल असावे लागत नाही.

आता तिसरा कागद, आयकराचे विवरणपत्र. इथे ताईंना एक धक्का बसतो. त्या म्हणतात, “आमच्या घरी उत्पन्न थोडे असले तर कर लागत नाही. गिरणीलाही तसेच असेल ना?” तसे नाही. माणसाला ठराविक रकमेपर्यंत कराची सूट असते, भागीदारीला ती नाही. पहिल्या रुपयापासून ३० टक्के कर आणि त्या करावर ४ टक्के उपकर द्यावा लागतो. उत्पन्न १ कोटीच्या वर गेले तर अधिभारही लागतो, पण आपल्या गिरणीला तो प्रश्न नाही. लहान धंद्यांना विक्रीच्या ठराविक टक्क्यांवर नफा धरून कर भरण्याची जी सोय आहे, ती या जातीच्या भागीदारीला मिळत नाही. खरी वही ठेवावीच लागते.

२०२४-२५ च्या वर्षाचा हिशेब करून पाहू. विक्री ९० लाख. धान, मजुरी, वीज, बारदाना, बँकेचे व्याज आणि यंत्रांचा घसारा मिळून खर्च ८०,१६,००० रुपये. राहिले ९,८४,०००. आता भागीदारांना भांडवलावर व्याज द्यायचे. करारात तसे लिहिले असेल, तर दरसाल १२ टक्क्यांपर्यंतचे व्याज खर्च म्हणून मान्य होते. जुन्या दोघांच्या ६ लाखांवर वर्षाचे ७२,००० आणि नव्या दोघांच्या २ लाखांवर सहा महिन्यांचे १२,०००, असे ८४,००० झाले. ते वजा जाता ९ लाख राहिले.

नंतर काम करणाऱ्या भागीदाराचा मेहनताना. तो कितीही दाखवून चालत नाही. २०२४-२५ पासूनचा नियम असा की नफ्याच्या पहिल्या ६ लाखांवर ९० टक्के किंवा ३ लाख यांपैकी जी रक्कम मोठी असेल ती, आणि उरलेल्या नफ्यावर ६० टक्के, एवढीच कमाल मर्यादा. ६ लाखांचे ९० टक्के ५,४०,००० आणि वरच्या ३ लाखांचे ६० टक्के १,८०,०००, मिळून ७,२०,०००. आपल्या गिरणीच्या कराराने कारभारी भागीदाराला महिना ४० हजार, म्हणजे वर्षाचे ४,८०,००० ठरवले आहेत. ते मर्यादेच्या आत आहेत, म्हणून पुरते मान्य. नऊ लाखांतून ते गेले की करपात्र उत्पन्न ४,२०,००० रुपये उरते. त्यावर ३० टक्के कर १,२६,००० आणि उपकर ५,०४०, एकूण १,३१,०४० रुपये.

ही रक्कम ऑक्टोबरपर्यंत थांबून भरायची नसते. वर्ष चालू असतानाच जून, सप्टेंबर, डिसेंबर आणि मार्च या महिन्यांच्या १५ तारखेपर्यंत हप्त्याहप्त्याने आगाऊ कर भरायचा असतो. न भरल्यास महिन्याला १ टक्का व्याज चढते. धानाचा हंगाम नोव्हेंबरपासूनचा असल्यामुळे जून आणि सप्टेंबरचे हप्ते अंदाजाने भरावे लागतात आणि डिसेंबरात अंदाज सुधारता येतो.

आता खर्चाच्या बाजूची एक गोष्ट, जी धानगिरणीला फार लागू पडते. एका माणसाला एका दिवसात १० हजारांहून अधिक रोख रक्कम दिली, तर तो खर्च आयकरात मान्य होत नाही, असा सामान्य नियम आहे. पण शेतमाल पिकवणाऱ्याला त्याच्याच मालाचे पैसे रोख दिले, तर त्याला सूट आहे. म्हणजे बांधीतून धान आणणाऱ्या शेतकऱ्याला ३० हजार रोख दिले तरी चालतात. तेच धान व्यापाऱ्याकडून घेऊन ३० हजार रोख दिले तर तो खर्च गेला, आणि त्यावर ३१.२ टक्क्यांनी ९,३६० रुपये कर वाढला. फरक कशावरून कळणार? पावतीवरून. शेतकऱ्याचे नाव, गाव, धानाची जात, वजन, दर आणि सही ज्या पावतीवर असेल तीच उपयोगाची. ‘धान खरेदी, रोख’ एवढेच लिहिलेली चिठ्ठी तपासणीत टिकत नाही.

विवरणपत्राची मुदत भागीदारीच्या तपासणीवर ठरते. कुठल्याही कायद्याने हिशेब तपासणे सक्तीचे असेल, तर २०२४-२५ च्या वर्षासाठी कायद्यातली मुदत ३१ ऑक्टोबर २०२५ होती. सरकारने ती त्या वर्षी १० डिसेंबरपर्यंत वाढवली. अशी वाढ दरवर्षी मिळेलच असे नाही, आणि आयकराची मुदत वाढली म्हणून फॉर्म ८ ची वाढत नाही, कारण ती दोन निराळी खाती आहेत. ज्या छोट्या भागीदारीला तपासणी लागत नाही, तिची आयकराची तारीख याहून बरीच आधी असते. १ एप्रिल २०२६ पासूनच्या उत्पन्नाला २०२५ चा नवा आयकर कायदा लागू आहे. म्हणून त्यापुढच्या वर्षांसाठी कलमे आणि तारखा नव्याने पाहून घ्याव्यात.

विवरणपत्र चढवले म्हणजे काम संपले नाही. ते आपलेच आहे अशी खातरजमा, म्हणजे डिजिटल सही किंवा तत्सम पडताळणी, तीस दिवसांच्या आत व्हावी लागते. नाहीतर ते वेळेत भरलेच नाही असे धरले जाऊ शकते. दुष्काळाच्या किंवा तोट्याच्या वर्षात तर उशीर अधिक महाग पडतो. मुदतीत विवरणपत्र दिले असेल तरच धंद्यातला तोटा पुढच्या वर्षांच्या नफ्यातून वजा करायला मिळतो. तोटाच आहे, कर नाही, मग घाई कशाला, हा विचार म्हणूनच नुकसानीचा आहे.

गुरुजी आणि ताईंच्या स्वतःच्या विवरणपत्रात काय येईल? प्रत्येकी ६,००० रुपये व्याज त्यांच्या उत्पन्नात धरायचे. नफ्याचा जो वाटा मिळेल त्यावर मात्र पुन्हा कर नाही, कारण गिरणीने तो आधीच भरलेला आहे. पण तो वाटा करमुक्त उत्पन्नाच्या रकान्यात दाखवायचा. १ एप्रिल २०२५ पासून आणखी एक नियम आला. एका भागीदाराला व्याज आणि मेहनताना मिळून वर्षात २० हजारांहून जास्त रक्कम द्यायची झाली, तर भागीदारीने त्यातून १० टक्के कर कापून सरकारात भरायचा. व्याज वर्षाला १२ हजारच येणार असल्याने गुरुजी आणि ताईंना तो लागणार नाही. कारभारी भागीदाराला लागेल, आणि ही कपात विसरली तर चूक गिरणीची ठरेल.

उशिराचे मोल किती, तेही पाहू. ८ लाख भांडवलाच्या भागीदारीला फॉर्म ११ ची नेहमीची फी १५० रुपये आहे. २०२२ पासूनच्या नियमांत विलंबाची फी पटीत चढते. उलाढाल ४० लाखांच्या वर असल्यामुळे आपली गिरणी ‘लहान’ या सवलतीत बसत नाही. ७५ दिवस उशीर झाला, तर नेहमीच्या फीच्या बारा पट, म्हणजे १,८०० रुपये जादा. हे ऐकून गुरुजी म्हणतील, “एवढेच ना?” पण शिवाय कायद्यात रोज १०० रुपयांप्रमाणे शास्ती आहे. ती भागीदारीला १ लाखापर्यंत आणि नेमलेल्या प्रत्येक भागीदाराला ५० हजारांपर्यंत होऊ शकते. फॉर्म ८ ला हेच स्वतंत्रपणे लागू आहे.

शेवटी मूळ प्रश्नाकडे येऊ. नव्या भागीदारांचा या कागदांशी संबंध काय? दायित्व मर्यादित आहे हे त्यांनी ऐकले आहे, पण त्या कुंपणाला दोन वाटा आहेत. पहिली वाट बँकेची. गिरणीला कर्ज देताना बँक भागीदारांकडून वैयक्तिक हमीपत्र घेते. त्यावर सही केली की त्या कर्जापुरती मर्यादा उरत नाही. नव्या भागीदारापुढे असा कागद आला तर ‘इथे सही करा’ एवढ्यावर सही करू नये. दुसरी वाट आयकराची. आपण ज्या वर्षाचे उदाहरण घेतले त्या वर्षाला लागू असलेल्या १९६१ च्या कायद्याचे १६७-क हे कलम असे सांगते की भागीदारीकडून कर वसूल होत नसेल, तर त्या वर्षात जो जो भागीदार होता त्याच्याकडून तो वसूल करता येतो. आपल्या ढोबळ हयगयीमुळे किंवा कर्तव्यात कसूर केल्यामुळे वसुली अडलेली नाही, हे त्या भागीदाराने स्वतः सिद्ध करायचे असते. गुरुजी आणि ताई ऑक्टोबरात आले, तरी त्या वर्षाचे भागीदार ठरतात. ‘आम्ही काही पाहिले नाही’ हे इथे बचावाचे वाक्य होत नाही. साठ्याच्या मोजणीवर असलेली सही, मागून घेतलेली उधारीची यादी आणि कर भरल्याच्या चलनाची प्रत हे मात्र उपयोगी पडू शकते.

म्हणून तिन्ही कागदांच्या प्रती हाती आल्या की चार आकडे शेजारी ठेवून पाहा. फॉर्म ११ मधले भागीदार आणि भांडवल हे फॉर्म ८ मधल्या भांडवलाशी जुळते का? फॉर्म ८ मधली विक्री आयटीआर-५ मधल्या विक्रीशी जुळते का? आयटीआर-५ मध्ये भागीदारांची यादी, त्यांचा हिस्सा, व्याज आणि मेहनताना दिलेला असतो. तो करारात लिहिल्याप्रमाणे आहे का? आणि तिथे लिहिलेले तुमचे व्याज तुम्हाला मिळालेल्या व्याजाइतकेच आहे का? आपल्या उदाहरणात ८ लाख, ९० लाख, ४,८०,००० आणि ६,००० हे ते चार आकडे. एखादा जुळला नाही, तर कोणत्या वहीत फरक पडला हे त्याच आठवड्यात विचारा. फॉर्म ११ मध्ये फरक दिसला तर मे महिना सरण्याच्या आत विचारा, म्हणजे ऑक्टोबरात बाकीचे दोन कागद भरताना तो निस्तरलेला असेल.